११८ की १०९? नऊ एफपीएससाठी तीन हजार जास्त मोजायचे का?

म्हापशेकर:
दोन ग्राफिक्स कार्डांमध्ये अडकलोय. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर कंपनीवरून भांडण लागेल. 'अ' ८ जीबी मेमरीचं आहे, 'ब' १६ जीबीचं, आणि अ तीन हजारांनी महाग आहे. १०८०पी अल्ट्राच्या चार्टवर अ सेकंदाला ११८ फ्रेम, म्हणजे ११८ एफपीएस, आणि ब १०९. त्याखाली वेगळ्या मापाने काढलेल्या फिकट पट्ट्यांवर ६१ आणि ८४ असे आकडे आहेत, त्यांचं काय करायचं कळत नाही. माझ्याकडे रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि सध्या जीटीएक्स १६६० सुपर आहे. चार्टवर अची पट्टी बच्या जवळजवळ दीडपट दिसते. मग अ घेऊ ना?

पात्रांव:
घे अ, विचार कसला करतोस! मोठा आकडा तो मोठा आकडा. फक्त एक लक्षात ठेव, हे चार्ट थंड देशांत एसी लावून काढलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात त्यातले २० टक्के वजा करायचे. म्हणून वरचंच कार्ड घेतलेलं बरं.

डिचोलकर:
आधी पट्टी बघ. तुझा चार्ट शून्यापासून सुरू होत नाही, डावीकडे ९० लिहिलेलं असणार. ९० पासून मोजलं तर अची पट्टी २८ ची आणि बची १९ ची, म्हणून ती दीडपट दिसते. खरा फरक ११८ भागिले १०९, म्हणजे ८ टक्के. एका फ्रेमच्या वेळेत सांगायचं तर अ ८.५ मिलिसेकंद घेतं आणि ब ९.२. शेजारी शेजारी ठेवूनही हा फरक डोळ्याला सांगता येणार नाही.

आता फिकट पट्टी. तो सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा हिशेब आहे. सरासरी काय लपवते ते आकड्यांतच बघ. एका कार्डाने १०० फ्रेमपैकी ९९ फ्रेम ८ मिलिसेकंदांत काढल्या आणि एक ८० मध्ये. एकूण ८७२ मिलिसेकंद, सरासरी ११५ एफपीएस. दुसऱ्याने शंभरच्या शंभर ९ मिलिसेकंदांत काढल्या, तर ९०० मिलिसेकंद, सरासरी १११. चार्टवर पहिलं जिंकलं, पण खेळताना त्या ८० च्या फ्रेमला चित्र अडकतं आणि माउस हातातून सुटल्यासारखा वाटतो. तुझ्या अचं ११८ वरून ६१ वर येणं हा तसाच प्रकार आहे. बचं १०९ वरून ८४ वर येणं नेहमीचं.

माझं मत सांगतो. कार्ड फिकट पट्टीवरून निवडावं, गडद पट्टी सोडून दिली तरी चालेल.

काणकोणची:
डिचोलकरबाब, पट्टीचं पटलं, शेवटचं वाक्य नाही पटलं. ११० एफपीएसने ६० सेकंद मोजणी केली तर ६,६०० फ्रेम होतात आणि त्यातला १ टक्का म्हणजे ६६ फ्रेम. मध्येच गेमने ऑटोसेव्ह केलं, ग्राफिक्सचा एखादा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, तयार झाला किंवा विंडोजने मागे काहीतरी सुरू केलं, की त्या ६६ मधल्या निम्म्या बिघडल्या. सरासरी एवढ्याने हलतही नाही. तीन वेळा मोजून तिन्हीतला फरक दाखवला असेल तरच मी फिकट पट्टीवर विश्वास ठेवीन. ०.१ टक्क्याची पट्टी तर सहा-सात फ्रेमवर उभी असते, तिच्याकडे बघूसुद्धा नये.

शिवाय सगळे एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कोणी सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमची सरासरी काढतो, कोणी ९९ टक्के फ्रेम जिच्या आत बसतात ती एकच सीमा देतो. पहिल्या पद्धतीत आकडा नेहमीच खाली येतो. त्यामुळे एका ठिकाणचा ६१ आणि दुसऱ्या ठिकाणचा ८४ कधी समोरासमोर ठेवू नये. इथे दोन्ही एकाच चार्टवरचे आहेत, तेवढं बरं.

डिचोलकर:
बाय, दहा टक्क्यांचा फरक असता तर गप्प बसलो असतो. ६१ आणि ८४ मधला फरक ऑटोसेव्हचा नाही. अल्ट्रा टेक्स्चर ८ जीबीत मावत नाहीत, उरलेला माल मशीनच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या पीसीआयईवरून ओढून आणावा लागतो. त्या वेळच्या फ्रेम लांबतात.

खात्री करायची तर एकाच चिपची ८ आणि १६ जीबी अशी दोन रूपं असलेली कार्डं चार्टवर शोधा. आरटीएक्स ४०६० टीआय तसं आहे. ८ जीबीचं मे २०२३ मध्ये आलं, १६ जीबीचं जुलैमध्ये. चिप तीच, १२८ बिटची बस तीच, सेकंदाला २८८ जीबीचा वेगही तोच. या दोघांत ज्या गेममध्ये दरी दिसेल, ती मेमरी कमी पडल्याचीच. दोघं बरोबर चालत असतील, तर त्या गेमला ८ जीबी पुरतात.

काणकोणची:
आणि टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणलं की बहुतेक वेळा ती दरी बुजते. चार्टवाले सगळंच अल्ट्रा ठेवतात, घरी तसं खेळायची सक्ती कोणी केली आहे? १०८०पीवर ८ जीबीचं कार्ड निकामी झालं असं मी म्हणणार नाही. मात्र 'दोघं बरोबर म्हणजे ८ जीबी पुरतात' हेही सरळ धरू नका. काही गेम मेमरी संपली की अडकत नाहीत, गुपचूप बारीक टेक्स्चर लावतात. एफपीएस तेच दिसतात आणि भिंती मात्र चिखल फासल्यासारख्या. ते चार्टवर दिसत नाही, व्हिडिओ थांबवून बघावं लागतं.

पात्रांव, तुझ्या २० टक्क्यांना आधार नाही. खोली १० अंशांनी गरम असली तर कार्डही साधारण तेवढंच गरम होतं. कार्ड बूस्ट क्लॉक थोडा उतरवतं, त्यात एफपीएस फारतर दोन-चार टक्के जातात. खरी किंमत पंख्याच्या आवाजात मोजावी लागते. कॅबिनेटला हवाच मिळत नसेल आणि कार्ड तापमानाच्या मर्यादेला टेकलं, तर गोष्ट वेगळी.

पात्रांव:
बरं, २० सोडा. पण उघड्या बेंचवर घेतलेला आकडा आणि दमट खोलीत बंद कॅबिनेटमध्ये चालणारं कार्ड एक नव्हे, हे तर खरं ना?

वास्कोवाला:
माझाही हाच घोळ आहे. लॅपटॉप घ्यायचाय. दोघांत आरटीएक्स ४०६० आहे, तरी एका चार्टमध्ये २५ टक्क्यांचा फरक दाखवतात. चार्ट खोटा समजायचा का?

डिचोलकर:
हा धागा डेस्कटॉपचा, पण थोडक्यात सांगतो. चार्ट खोटा नसेल. लॅपटॉपचं ४०६० लॅपटॉप बनवणारा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वॅटवर बसवू शकतो. नाव तेच, पाणी वेगळं. वॅट लिहिलेले नसतील तर तो चार्ट वाचूच नको.

म्हापशेकर, तू नावं लपवल्यामुळे अर्धा प्रश्न लपलाय. निदान एवढं सांग, दोन्ही कार्डं पीसीआयईच्या आठ लेनची आहेत की सोळा?

म्हापशेकर:
अ आठ लेनचं, ब सोळाचं. त्याने काय होतं?

डिचोलकर:
तुझा बी४५० पीसीआयई ३.० चा आहे. चार्टवाल्याचा बोर्ड ५.० चा असणार. आठ लेनचं ५.० कार्ड त्याच्याकडे सेकंदाला सुमारे ३२ जीबी ओढू शकतं, तुझ्याकडे फक्त ८. सोळा लेनचं तुझ्याकडेही १६ ओढेल. मेमरीत सगळं मावत असेल तर याने फारसं बिघडत नाही. पण अची मेमरी कमी पडते हे चार्टच सांगतोय, म्हणजे चार्टवरचं ६१ तुझ्याकडे आणखी खाली जाईल. कार्ड बसवल्यावर GPU-Z मध्ये Bus Interface बघ. `x8 5.0 @ x8 3.0` असं काही दिसलं की समज. कार्ड रिकामं बसलेलं असताना तिथे `1.1` दिसतं, घाबरू नको. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट चालव, मग खरा आकडा येतो.

काणकोणची:
लेनच्या आधी सीपीयू बघायला हवा होता. ११८ आणि १०९ हे सगळ्यात वेगवान सीपीयूवरचे आकडे आहेत. ते तसे घेणं योग्यच, नाहीतर सगळी कार्डं एकाच आकड्यावर अडकलेली दिसली असती. पण तुझा ३६०० तितक्या फ्रेम तयार करू शकतो का, हे तुझ्याच मशीनवर आजच बघता येईल.

गेम ज्या सेटिंगवर खेळायचाय तीच ठेव, फक्त रेझोल्यूशन स्केल ५० टक्के कर. व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद. गर्दीची एक जागा निवड, तीच वाट ६० सेकंद चाल, CapFrameX किंवा PresentMon ने नोंद घे. चार वेळा कर आणि पहिली टाकून दे, कारण तिच्यात शेडर तयार होत असतात. कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या खाली आला नसेल तर स्केल आणखी उतरव. येईल तो तुझ्या सीपीयूचा माथा. सावल्या, दृश्याचं अंतर, रे ट्रेसिंग मात्र खाली आणू नको, त्यांचा भार सीपीयूवरही असतो.

म्हापशेकर:
केलं. स्केल ५० वर कार्डाचा वापर ८२ टक्के. सरासरी ९५, ९६, ९६. फिकट पट्टीचा आकडा ७१, ६३, ७०.

काणकोणची:
मग ११८ पण नाही आणि १०९ पण नाही, दोन्ही कार्डं ९६ च्या आसपास थांबतील. नऊ एफपीएस तुझ्या घरापर्यंत पोचतच नाहीत. आणि डिचोलकरबाब, तो मधला ६३ बघा. वाट तीच, मशीन तेच.

डिचोलकर:
बघितला, मोजणी तीनदाच करावी हे मान्य. पण ९६ सुद्धा सगळ्या कार्डांना सारखा लावू नका. ड्रायव्हर सीपीयूवर किती काम टाकतो हे कंपनीगणिक बदलतं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं आर्क बी५८० आलं तेव्हा वेगवान सीपीयूवर आकडे सुरेख होते. मग लोकांनी नेमक्या ३६०० सारख्या जुन्या सीपीयूवर लावून पाहिलं आणि काही गेममध्ये ते चांगलंच घसरलं. हा ९६ चा आकडा १६६० सुपरच्या ड्रायव्हरवरचा आहे. ब दुसऱ्या कंपनीचं असेल तर तो थोडा वरखाली होईल. म्हणून कार्डाचं नाव आणि '३६००' एकत्र लिहून चाचण्या शोध.

पात्रांव:
आणि कंपनीच्या स्वतःच्या चार्टचं काय? त्यात तर दुप्पट-तिप्पट दाखवतात.

काणकोणची:
त्यातली सगळ्यात बारीक ओळ आधी वाचायची. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० ला ४०९० इतकं म्हटलं, ते एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम धरून. ४०९० ला त्या पद्धतीने एकच बनवता येते. बनवलेल्या फ्रेमने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसला उत्तर खऱ्या फ्रेमच देतात. फ्रेम जनरेशन चालू असलेली पट्टी बंद असलेल्या पट्टीशेजारी दिसली, की तो चार्ट मिटायचा.

म्हापशेकर:
म्हणजे ब. पण पुढच्या वर्षी सीपीयू बदलला तर? तेव्हा अचे ते नऊ एफपीएस परत मिळतील ना?

डिचोलकर:
तुझ्या एएम४ सॉकेटचा रायझन ७ ५७००एक्स३डी मिळाला तर बी४५० वर बायोस अपडेट करून बसतो. माथा वर जाईल, सरासरीत अ थोडं पुढे दिसेलही. लेन मात्र ३.० च्या राहतील आणि मेमरी ८ जीबीच. मी ब घेईन.

काणकोणची:
मीही आजच्या भावात 'ब'च घेईन. अ तीन हजारांनी महाग नसून तीन हजारांनी स्वस्त असतं, तर टेक्स्चर हायवर ठेवून मी अ घेतलं असतं. डिचोलकरबाबांना ते पटणार नाही.

डिचोलकर:
नाहीच पटत.