हिंदी डबिंगची स्क्रिप्ट : ओठ आधी की भाषा आधी?

पुलाखाली : एका इंग्रजी कार्टूनचा ११ मिनिटांचा एपिसोड हिंदीत लिहायचं ट्रायल काम मिळालंय. एका वाक्यावर अडकलेय. कोल्ह्याचं पिल्लू सशाला लांबून ओरडतं "स्टॉप!", मग कट होऊन चेहऱ्याचा मोठा क्लोज आणि "दॅट ब्रिज इज ब्रोकन!" साधारण दीड सेकंद. मी लिहिलं "रुको! वो पुल टूटा हुआ है!" तर लांब होतंय आणि ओठही जुळत नाहीत. माझं मत असं की लहान मुलं ओठ बघत नाहीत, भाषा सहज हवी. तुम्हाला काय वाटतं? ओठांसाठी वाक्य किती वाकवायचं?

गोरेगाव_पूर्व : मुलं ओठ बघत नाहीत हे मला अजिबात पटत नाही. त्यांना सांगता येत नाही काय खटकलं ते, पण आवाज चालू आणि तोंड मिटलेलं असं झालं की ते पात्र बोलतंय असं वाटतच नाही, वरून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. बरीच वर्षं हेच लिहितोय म्हणून सांगतो, वाक्य लिहायच्या आधी शॉट बघायचा. तुमचं "स्टॉप" लांबच्या शॉटमध्ये आहे ना, मग तिथे "रुको" बिनधास्त ठेवा, फक्त आवाज तोंडासोबत सुरू होऊन तोंडासोबतच संपला पाहिजे. पाठमोरं पात्र, पडद्याबाहेरचं पात्र, हाताने तोंड झाकलेलं पात्र, इथे पण मोकळीक असते आणि जे वाक्य क्लोजमध्ये मावत नाही त्यातली जास्तीची माहिती अशाच जागी नेऊन टाकायची असते. सगळी मेहनत क्लोजसाठी राखून ठेवायची.

आता तो क्लोज. इंग्रजीत पाच अवयव म्हणजे उच्चाराचे तुकडे आहेत, दॅट-ब्रिज-इज-ब्रो-कन, आणि ओठ दोनदा पूर्ण मिटतात, ब्रिजच्या सुरुवातीला आणि ब्रोकनच्या सुरुवातीला. हिंदीत ओठ मिटवणारे फक्त प फ ब भ म, म्हणजे त्या दोन जागी यातलं काहीतरी यायला हवं, मग ते प आहे की भ याने काही फरक पडत नाही कारण बाहेरून सगळे सारखेच दिसतात. "पुल" मुळे पहिली जागा फुकटात मिळाली. तुमच्या "टूटा हुआ है" मध्ये दुसरी जागा रिकामी, शिवाय पाचाचे सात अवयव झाले. "वो पुल तो बंद है" म्हणून बघा, पाच अवयव, दुसऱ्यावर प, चौथ्यावर ब, शेवटी "है" म्हणजे तोंड अर्धवट उघडं, "कन" ला पण तसंच. चपखल बसतं.

माईकसमोर : बसतं हो, पण अर्थाचं काय? पूल बंद असणं वेगळं आणि तुटलेला असणं वेगळं. पुढच्याच शॉटमध्ये मधल्या फळ्या गायब दिसणार, मग पोरगं विचारणार ना बंद कुठे आहे, गेट तर दिसत नाही. मी आवाज देणारी आहे, लिहिणारी नाही, आणि मला रोज अशी वाक्यं येतात जी ओठांवर बरोबर बसतात पण तोंडातून निघत नाहीत, कारण कुठलंच हिंदी बोलणारं मूल तसं बोलत नाही. सरळ "वो पुल टूटा है" द्या. पाचच अवयव आहेत. चौथ्या जागी ओठ मिटत नाहीत, ठीक आहे, ती मिटलेली जागा दोन-तीन फ्रेमची असते, सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. भीती खरी वाटली तर तेवढं कुणी बघत नाही.

तिरपागडा : मला तर ही चर्चाच कळत नाही. कार्टूनमध्ये तोंड नुसतं उघड-मीट होतं, त्यात कसलं प आणि ब? ऑगीचं बघा, मूळ फ्रेंच मालिकेत जवळजवळ संवादच नाहीत, हिंदीवाल्यांनी वरून सगळी बडबड घातली, ऑगी शाहरुखच्या ढंगात बोलतो आणि अख्ख्या देशातल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. वाक्य मजेदार असलं की झालं.

कागद_पेन्सिल : तिरपागडा, अर्धं बरोबर आहे तुमचं. ऑगीचं उदाहरण इथे लागू होत नाही कारण तिथे तोंडं बोलण्यासाठी काढलेलीच नाहीत, त्यामुळे ओठांशी जुळवायचा प्रश्नच येत नाही, उलट लिहिणाऱ्याला मोकळं रान मिळालं. पण जिथे पात्रं बोलतात तिथे अमेरिकेतल्या कामात साधारणपणे आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि मग त्या आवाजावर तोंडं काढतात. मी ॲनिमेशनमध्ये आहे, आमच्याकडे प्रत्येक पात्राचा तोंडांचा तक्ता असतो, आ साठी एक, ओ-ऊ साठी गोल, दात दिसणारं ई, खालचा ओठ दाताखाली गेलेलं इंग्रजी एफ-व्ही, आणि मिटलेलं म-ब-प. स्वस्तातल्या मालिकेत तीन-चारच तोंडं फिरवतात, तिथे तुमचं उघड-मीट खरं आहे आणि तिथे फक्त सुरुवात, थांबे आणि शेवट सांभाळला तरी पुरतं. थ्रीडीमध्ये मात्र ओठ इतके तपशीलात हलतात की चुकलेला ब लगेच दिसतो.

म्हणून पुलाखाली, आधी हे बघा की तुमच्या एपिसोडमध्ये किती प्रकारची तोंडं आहेत. आवाज बंद करून तो क्लोज फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा, पाच मिनिटांत कळेल.

पुलाखाली : बघितलं. थ्रीडी आहे. ब्रिजला आणि ब्रोकनला ओठ स्पष्ट मिटतात, आणि "ब्रो" ला लगेच गोल होतात.

आईपण : मी लिहिणारी नाही पण एक बोलू का, आमच्या नाशिकच्या घरात दोन्ही पोरं दिवसभर हिंदी कार्टून बघतात आणि खेळताना पण हिंदीतच भांडतात, आजीला "अरे यार" म्हणतात. तुम्ही लोक एवढी मेहनत हिंदीसाठी घेता तर मराठीत का नाही करत? आणि ओठांचं म्हणाल तर माझ्या धाकट्याला एका मालिकेत पात्राचं तोंड बंद झाल्यावर पण आवाज येत राहतो हे कळलं होतं, तो म्हणाला याच्या पोटातून आवाज येतो.

गोरेगाव_पूर्व : ताई, मराठीचा प्रश्न मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. पण तुमच्या धाकट्याने जे पकडलं तेच सगळ्यात आधी दिसतं. मधला एखादा ब हुकला तर सुटतो, शेपूट लांबलं तर सुटत नाही. आणि हिंदीत शेपूट लांबतंच कारण "है", "रहा है", "हुआ है" हे सगळं शेवटी येऊन बसतं. "हुआ है" काढलं की निम्मे प्रश्न संपतात.

तिरपागडा : मग सॉफ्टवेअरवर आवाज थोडा दाबून घ्यायचा ना. आजकाल सगळे करतात.

माईकसमोर : थोडासा दाबता येतो, कानाला कळणार नाही इतपत. पण सात अवयवांचं वाक्य पाचाच्या जागेत कोंबलं तर आवाजातला जीव जातो, ओरडण्याच्या जागी घाईघाईने वाचल्यासारखं वाटतं. आणि दाबून ओठ जुळत नाहीत, फक्त लांबी जुळते. ब जिथे नव्हता तिथे तो येणार आहे का?

अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही, हातवारे. इंग्रजीत पात्र "आय वॉन्ट दॅट वन" म्हणताना "दॅट" वर बोट दाखवतं, म्हणजे वाक्याच्या शेवटाकडे. आपण "मुझे वो वाला चाहिए" लिहिलं की "वो" आधीच बोलून होतं आणि बोट उठतं "चाहिए" वर. ओठ कितीही जुळू देत, ते बघायला विचित्रच दिसतं. "मुझे चाहिए वो वाला" केलं की बोट आणि शब्द एकत्र येतात, आणि मुलं हट्ट करताना असंच उलटं बोलतात. हिंदीतला शब्दक्रम एवढा लवचीक आहे तर त्याचा फायदा घ्या की. माझ्यासाठी आधी अभिनय, मग भाषा, मग ओठ.

गोरेगाव_पूर्व : हातवाऱ्याचं शंभर टक्के मान्य. क्रम मान्य नाही, कारण तिन्ही एकदम साधता येत असेल तर एक सोडायचं कशाला, आणि बरेचदा साधतं, फक्त पहिल्या वाक्यावर थांबायचं नाही. "बंद है" चा अर्थ सरकतो हे खरं आहे, ते सोडून देतो. आता हे बघा : "ये पुल अब टूटा!" अब चा ब नेमका तिसऱ्या आणि चौथ्या अवयवाच्या मध्ये पडतो, म्हणजे जिथे ब्रोकनसाठी ओठ मिटतात तिथेच, आणि लगेच "टू" ला ओठ गोल, जसे "ब्रो" ला होतात. "वो" च्या ऐवजी "ये" घेतलंय कारण "दॅट" ला तोंड पसरतं आणि "वो" ला गोल होतं. आणि हिंदीत "अब टूटा" म्हणजे आत्ता तुटणार, कुठल्याही क्षणी, त्यात घाबरणं आपोआप येतं.

कागद_पेन्सिल : क्या बात है. गोल ओठांचा विचार सहसा कुणी करत नाही. फक्त शेवटचं "टा" जरा जास्त उघडं आहे, "कन" ला तोंड एवढं उघडत नाही, पण ओरडताना चालून जाईल.

माईकसमोर : बोलायला मस्त आहे, हे मी आनंदाने बोलेन. पण दोन शंका. पिल्लू लांबून ओरडतंय तर "ये" कसं? आणि सहा वर्षांच्या मुलाला "अब टूटा" म्हणजे तुटणार की तुटला, काय कळेल?

गोरेगाव_पूर्व : क्लोजमध्ये अंतर कुठे दिसतं, आणि बोट पुलाकडे असेल तर "ये" खपतं. अर्थ सुरातून कळेल, ते तुमच्या हातात आहे. शिवाय चित्रात फळ्या आधीच नाहीत, त्यामुळे तुटला समजलं तरी काही बिघडत नाही.

पुलाखाली : बिघडतं थोडं. शेवटी ससा पूल पार करून आल्यावर म्हणतो "यू सेड इट वॉज ब्रोकन!" आणि विनोद त्याच्यावरच आहे. पिल्लू म्हणालं होतं तुटलाय, आणि हा त्याच्यावरून चालत आला.

गोरेगाव_पूर्व : ससा तिथे कुठल्या शॉटमध्ये आहे?

पुलाखाली : पाठमोरा. पिल्लाचा चेहरा दिसतो, ते नुसतं आ करून बघतंय.

गोरेगाव_पूर्व : मग ओठांचं बंधनच नाही. "तूने तो कहा था, अब टूटा अब टूटा!" असं चिडवत म्हणू दे, जागा असेल तर. विनोद उलट वाढतो, कारण पिल्लाचा घाबरा सूरच परत येतो.

माईकसमोर : आणि क्लायंटकडून तपासायला बसणारा माणूस मूळ स्क्रिप्ट समोर ठेवून विचारेल की ब्रोकन कुठे गेलं, तेव्हा? मी असे रिटेक दिलेत, चांगलं जमलेलं वाक्य काढून सरळ भाषांतर घ्यायला लावतात. पुलाखाली, तुमचं ट्रायल आहे, तुम्हाला अजून कुणी ओळखत नाही. माझं ऐकाल तर "वो पुल टूटा है" मुख्य ठेवा आणि "अब टूटा" खाली पर्याय म्हणून लिहा.

गोरेगाव_पूर्व : मी उलटं करेन. ट्रायलमध्येच तर कळायला हवं की तुम्ही शॉट बघून लिहिता. "अब टूटा" वर, "टूटा है" खाली, आणि बाजूला एका ओळीत टाइमकोडसकट लिहा की क्लोज आहे, दोन ठिकाणी ओठ मिटतात म्हणून असं केलंय, आणि शेवटचं सशाचं वाक्य त्याच्याशी बांधलंय.

पुलाखाली : दोन्ही मोठ्याने म्हणून बघितली, आवाज बंद करून व्हिडिओसोबत. "टूटा है" ला चौथ्या जागी खरंच खटकतं, मला वाटलं नव्हतं दिसेल म्हणून. पण शेवटच्या वाक्याला जागा कमी आहे, "तूने तो कहा था" काढावं लागेल, नुसतं "अब टूटा, अब टूटा!" राहील. तेवढ्यावर कळेल का सशाला काय म्हणायचंय?

आईपण : माझ्या पोरांना कळेल, ती अशीच एकमेकांना चिडवतात.

माईकसमोर : मधे जवळजवळ सगळा एपिसोड गेलाय ताई, पहिलं वाक्य लक्षात राहिलं तर कळेल. मी तरी "कहा था" साठी जागा शोधेन, "था" आधी संपवून पुढचं पिल्लाच्या चेहऱ्यावर जाऊ द्या, ते बोलत नाहीये तर आवाज त्याच्या शॉटवर सांडला तरी चालतो.