प्रतिसाद: पावतीवरून लक्ष्य काढताना

"मुलगी 8 वर्षांची आहे. तिच्यासाठी मनात असलेल्या अभ्यासक्रमाची आजची फी वर्षाला 2 लाख आहे, शिक्षण 4 वर्षांचं. 10 वर्षांनी किती पैसे जमलेले हवेत?"

आधी फीवाढीचा दर फीच्या पावत्यांवरूनच काढा. त्यासाठी वेगवेगळ्या वर्षी प्रवेश घेतलेल्या दोन तुकड्यांच्या पहिल्या वर्षाच्या पावत्या घ्या. एकाच विद्यार्थ्याच्या पहिल्या आणि चौथ्या वर्षाच्या पावत्या चालणार नाहीत, कारण बऱ्याच ठिकाणी प्रवेशावेळची फी शेवटपर्यंत तीच राहते आणि वाढ दिसतच नाही. परत मिळणारी अनामतही आधी वजा करा.

समजा 6 वर्षांपूर्वीची पावती 1.26 लाखांची होती. एकूण वाढ जवळपास 59 टक्के. तिला सरळ 6 ने भागलं तर 9.8 येतात, पण ते चूक आहे. चक्रवाढीने दर 8 टक्केच निघतो:

```
(2 / 1.26)^(1/6) - 1 = 0.08
```

आता प्रत्येक वर्षाची फी वेगळी वाढवा. 10 वर्षांनी पहिलं वर्ष 4.32 लाख, मग 4.66, 5.04 आणि 5.44. एकूण साधारण 19.5 लाख. फी प्रवेशावेळीच गोठत असेल तर चार वेळा 4.32, म्हणजे 17.3 लाख. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून संस्थेचा नियम आधी विचाराच.

दर 10 टक्के निघाला तर हेच 19.5 लाख 24 वर जातात. म्हणून दरवर्षी नवी पावती मिळवून दर पुन्हा काढा. वसतिगृहाचा खर्च यात नाही; त्याची वाढ वेगळी असते, तो स्वतंत्र मांडा.