दोष मुलाचा की जागांचा?

"पदवीधर मुलगा घरी बसला असेल, तर तो त्याचाच आळस नव्हे का?"

एका मुलापुरते ते खरे असूही शकेल. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडले, की लाखाच्या शहरात एकच जण बेकार असेल तर त्याचे गुणदोष पाहावेत. पाच कोटींपैकी दीड कोटी बेकार असतील, तर संधींची रचनाच तपासावी लागते. महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभर. सर्वांनी दुप्पट तयारी केली, तरी कटऑफ वर सरकेल आणि नव्याण्णव जण परततीलच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला मात्र (गावी "सध्या काय करतोस?" विचारले जाते, म्हणून दिवाळीलाही न जाणाऱ्या) ते स्वतःचेच अपयश वाटते.