पेंढ्याचं घर आणि शाकारणी

> गवताची घरं आगीच्या भीतीनेच गेली ना?

भीती होतीच. चैत्र-वैशाखात पेंढा इतका वाळतो की चुलीतली एक ठिणगी आढ्यापर्यंत पोचायला पुरते. वारा असेल तर शेजारची घरंही जातात. पण आमच्याकडे कोकणात खरं कारण पेंढाच ठरला.

शाकारणी, म्हणजे छपरावर नवा पेंढा घालणं, वैशाखात व्हायची. वळचणीपासून वर चढत थर लावायचे, प्रत्येक थराने खालच्याचा निम्मा भाग झाकायचा. त्याला लांब काडी लागते. जुनी भातं छातीएवढी वाढायची. १९६८ नंतर ‘जया’सारख्या बुटक्या जाती आल्या आणि काडी आखूड झाली. म्हणजे थर जास्त, माणसं जास्त, आणि तो पेंढा गुरांच्या तोंडचा. त्यात भाताचा पेंढा दोन पावसाळेही नीट काढत नाही. घरात तांबूस पाणी ठिबकू लागलं की समजायचं, आतून कुजलाय.

आणखी एक गंमत: चुलीच्या धुराने छपराला कीड कमी लागायची. गॅस आला आणि तीही राखण गेली. शेवटी शाकारायला चार गडी मिळेनात, तेव्हा आमच्या काकांनी मुकाट्याने पत्रे आणले. उन्हाळ्यात त्याखाली दुपारी बसवत नाही, ते सोडा.