अनुभव धागा: दात येणाऱ्या पिल्लाचं चावणं, न मारता न ओरडता

शहापूर, बेळगाव (धागा काढणारी)
आमचं गावठी पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे. सुईसारखे दात. सासूबाईंचा पदर, माझी मनगटं, सहा वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या, काहीच सुटत नाही. नाकावर टिचकी मारा, तोंड दाबून धरा, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. दोन दिवस केलंही. तिसऱ्या दिवशी हात दिसला की पिल्लू मागे सरकायला लागलं आणि मग झेपावून जास्त जोरात धरायला लागलं. ते मी थांबवलं. मार, आरडाओरडा न करता ज्यांना जमलंय, त्यांनी कसं जमलं ते सविस्तर लिहा.

टिळकवाडी
ताई, ते आईपासून कितव्या आठवड्यात वेगळं झालं? माझं पाचव्या आठवड्यात गटारीकडेला एकटं सापडलं होतं. भावंडांत वाढलेलं पिल्लू जोरात चावलं तर दुसरं खेळ सोडून निघून जातं. किती जोर चालतो हे त्याला तिथेच कळतं. माझ्याला ते शिकायलाच मिळालं नव्हतं.

म्हणून चावणं एकदम बंद करायच्या मागे मी लागलो नाही. आधी फक्त जोर कमी करायचा ठरवलं. खेळताना हात तोंडात असू दिला. दुखेल इतकं दाबलं की हात ढिला सोडायचा. ओढायचा नाही, कारण ओढला की त्याला पळत्या उंदरामागे लागल्यासारखी मजा येते. मग काही न बोलता उठून जाळीच्या दाराबाहेर जायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं आणि परत येऊन खेळ तिथूनच सुरू करायचा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत सहा वेळा उठलो. नवव्या दिवशी दोनदा. मग ‘दुखणं’ ही रेघच खाली आणली, म्हणजे मध्यम जोरालाही उठायचं. नुसते दात टेकायला लागल्यावर, पाचव्या महिन्यात, तोंड लावणंच बंद करायला घेतलं. घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागायला हवं. माझे वडील बाहेर न जाता हसायचे, तेवढ्यानं आठवडा वाया गेला.

खानापूर
आमचं मुधोळ जातीचं पिल्लू. काहीच केलं नाही बघा. सात महिन्यांत पक्के दात आले आणि आपोआप थांबलं. दात सळसळतात म्हणून चावतात, एवढंच.

टिळकवाडी
दादा, सळसळ थांबते हे खरं. पण तेव्हा दुधाच्या दातांच्या जागी पक्के दात आणि बळकट जबडा असतो. पुढे कधी शेपटीवर पाय पडला, तर कुत्रं किती जोरात धरेल हे या महिन्यांतच ठरतं.

निपाणी
आमचं रोज संध्याकाळी सातलाच पिसाळल्यासारखं करायचं. पाहुणे, मुलं, टीव्ही, दिवसभर झोपच नव्हती. एवढ्या पिल्लाला दिवसाचा बराच वेळ झोप लागते. दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवलं, त्याच आठवड्यात संध्याकाळचं वेड निम्म्यावर आलं. हिरड्यांसाठी जुना टॉवेल भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरात ठेवायची आणि आपल्यासमोरच चघळायला द्यायची. चिंध्या सुटायला लागल्या की काढून घ्यायचा. हाडं देऊ नका, दात तुटतो.

वडगाव
मी ‘आई गं!’ असं कळवळून ओरडायचे. पहिलं पिल्लू लगेच थांबायचं, दुसरं आणखी चेकाळायचं. आवाज करावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चिकोडी
आमचा दोन वर्षांचा आहे. ताटाजवळ गेलं की गुरगुरतो, परवा चावलाही. त्यालाही जाळीबाहेर जाऊ का?

टिळकवाडी
नको. ते खेळातलं चावणं नाही, ताट राखणं आहे. जेवताना जवळ जाऊ नका, ताट ओढू नका, मुलांना लांब ठेवा. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, दुखणंही असू शकतं. आणि चावला त्याचं काय केलंत? जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवून त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेला नसाल तर आज जा.

शहापूर
हे वाचून मीही दचकले. मुलाच्या पोटरीवर रक्त आलं होतं, आम्ही नुसती हळद लावली होती. काल दवाखान्यात जाऊन आलो, पिल्लाच्या लसीची तारीखही विचारून घेतली.

बारा दिवस वीस आकडे मोजतेय. माझ्या आणि सासूबाईंच्या हाताला आता दात फक्त लागतात, रुतत नाहीत. मुलाचं मात्र जमलेलं नाही. तो किंचाळून पळतो आणि पिल्लू मागे लागतं. स्थिर उभा राहा, हे सहा वर्षांच्या पोराला त्या क्षणी आठवत नाही. तूर्त दोघांमध्ये जाळी लावली आहे, आणि मी मध्ये बसले तरच उघडते. एवढ्या लहान मुलांसोबत कुणी हे शिकवलं असेल, तर कसं ते लिहा.