मदत हवी आहे: चेंज ऑफ ऑर्डर केल्यावर उत्तर मायनस येतंय, परवा एम-टूचा पेपर

विजापूर_रोड_०७ (रात्री 9:40)
दोन तास झाले, एकाच गणितावर अडकलोय. आतली लिमिट x² ते 2−x, बाहेरची 0 ते 1. ऑर्डर बदलून सोडवा म्हणलंय. y = x² वरून x = √y काढलं, y = 2−x वरून x = 2−y काढलं, y ची लिमिट 0 ते 2 घेतली. उत्तर −2/3 येतंय. मागं 3/8 छापलंय. तीनदा केलं, तेच येतंय. कुठं चुकतंय लवकर सांगा.

नवी_पेठकर
इंटिग्रल कशाचं आहे ते लिहिलंच नाहीस. आणि आत dy आहे का dx?

विजापूर_रोड_०७
xy चं. dy dx. मला वाटलं लिमिटवरून कळेल.

अक्कलकोट_नाका
भावा, x² दिसलं की सरळ पोलरमध्ये जा. x = r cosθ, y = r sinθ, आणि r विसरायचा नाही. माझं मागच्या सेमला असंच सुटलं होतं.

नवी_पेठकर
त्यात वर्तुळ असेल म्हणून सुटलं. इथं पॅराबोला आणि सरळ रेघ आहे, पोलरनं लिमिट आणखी किचकट होतील. आणि त्यानं ऑर्डर बदलायचं विचारलंय.

सात_रस्ता_स्टडी
चूक सोपी आहे. x = 0 ही लिमिट तू सोडूनच दिलीस. डावीकडं y-अक्ष आहे, √y नाही. म्हणून x ची 0 ते 2−y घे, y ची 0 ते 2. विषय संपला.

विजापूर_रोड_०७
आत्ता करून बघितलं. 2/3 आलं. मायनस गेला, पण 3/8 काही येईना. पुस्तकातलं उत्तरच चुकलंय का?

जुना_गणित_शिक्षक
पुस्तक बरोबर आहे. आकृती काढलीस का? तुझ्या दोन्ही पोस्टमध्ये आकृतीचा शब्दही नाही, म्हणून विचारतो.

विजापूर_रोड_०७
नाही सर. समीकरणं होतीच की, म्हणून थेट लिमिट काढल्या.

जुना_गणित_शिक्षक
मग आता ग्राफ पेपर घे आणि माझ्याबरोबर काढ. y = x² हा पॅराबोला (0,0) पासून (1,1) पर्यंत. y = 2−x ही रेघ (0,2) पासून खाली उतरत (1,1) पर्यंत. डावीकडं y-अक्ष. आपला रिजन या तिघांच्या मधला: पॅराबोलाच्या वर, रेघेच्या खाली. त्याचे कोपरे (0,0), (1,1) आणि (0,2).

आता फूटपट्टी आडवी धर आणि y = 0 पासून हळूहळू वर सरकव. प्रत्येक ठिकाणी एवढंच बघ की पट्टी रिजनमध्ये कुठं शिरते आणि कुठून बाहेर पडते. शिरते ती कायम y-अक्षावरून, म्हणजे x = 0. सात_रस्ता यांचं तेवढं बरोबर आहे. पण बाहेर कुठून पडते? y = 1 च्या खाली असेपर्यंत पॅराबोलावरून, x = √y. y = 1 ओलांडलं की रेघेवरून, x = 2−y. बाहेर पडायची कड मध्येच बदलते, म्हणून एका इंटिग्रलमध्ये हे बसत नाही. दोन तुकडे होतात:

y 0 ते 1, x 0 ते √y
y 1 ते 2, x 0 ते 2−y

विजापूर_रोड_०७
पण सर, मूळ गणितात x = 1 होतं. ते कुठं गेलं?

जुना_गणित_शिक्षक
चांगलं विचारलंस, इथं बरेच जण अडखळतात. x = 1 वर पॅराबोला आणि रेघ एकमेकांना भेटतात, त्यामुळं तिथं रिजनची उभी कड उरतच नाही, फक्त (1,1) हा कोपरा उरतो. आडव्या पट्टीला तो कोपरा y = 1 वर लागतो. तुकडा तिथंच पडतो तो यामुळं.

चाटी_गल्ली
मी गणितातला नाही, पण आमच्या घरी माग होता म्हणून लिहितो. ताणा उभा, बाणा आडवा. मूळ गणितात तुम्ही कापड ताण्याच्या बाजूनं मोजताय, ऑर्डर बदलली की बाण्याच्या बाजूनं. कापड तेच. पण या तिरक्या तुकड्यात उभा प्रत्येक धागा पॅराबोलावर सुरू होऊन रेघेवर संपतो, आडवे धागे मात्र अर्धे एका काठावर संपतात आणि अर्धे दुसऱ्या. असंच ना सर?

जुना_गणित_शिक्षक
अगदी असंच.

सात_रस्ता_स्टडी
मान्य. माझ्या लिमिटनं अख्खा त्रिकोण धरला, (0,0), (2,0), (0,2) असा. पण तो फुकट गेला नाही. पॅराबोलाच्या उजवीकडचा जादा भाग त्यातून वजा करा: y 0 ते 1, x √y ते 2−y. त्याचं 7/24 येतं. 2/3 − 7/24 = 9/24 = 3/8. तुकडे न पाडता उत्तर.

नवी_पेठकर
इंटिग्रल दोनच झाले की. तुकडे पाडले काय आणि वजा केले काय.

जुना_गणित_शिक्षक
वजाबाकी चालते, आणि तिच्यावरून मूळ मायनस कुठून आला तेही दिसतं. विजापूर रोड, तू √y ते 2−y घेतलंस. y 0 ते 1 मध्ये तो नेमका हा जादा भाग, म्हणजे पॅराबोलाच्या चुकीच्या बाजूचा. आणि y 1 च्या वर गेलं की √y हे 2−y पेक्षा मोठं होतं, लिमिट उलट्या पडतात आणि सगळं मायनसमध्ये जातं. रिजन पहिल्या चरणात आहे, तिथं xy कधीच ऋण नसतं. म्हणजे −2/3 दिसल्याबरोबर आकडेमोड पुन्हा करायची नाही, लिमिट तपासायच्या. तू तीनदा आकडेमोडच केलीस.

विजापूर_रोड_०७
पहिला तुकडा: x चं इंटिग्रेशन केल्यावर y·y/2, 0 ते 1, म्हणजे 1/6. दुसरा: y(2−y)²/2, 1 ते 2, म्हणजे 5/24. बेरीज 9/24. 3/8 आलं! सर, परीक्षेत उत्तर छापलेलं नसतं. लिमिट बरोबर आहेत हे कसं ओळखू?

जुना_गणित_शिक्षक
xy च्या जागी 1 ठेव, म्हणजे क्षेत्रफळ येतं. मूळ क्रमानं 2−x−x² चं 0 ते 1: 7/6. बदललेल्या क्रमानं 2/3 आणि 1/2: तेही 7/6. दोन मिनिटांचं काम आहे. जुळलं नाही तर लिमिट नक्की चुकल्या. जुळलं तरी आकृतीवर एकदा नजर टाक, कारण वेगळ्या आकाराचं क्षेत्रफळही योगायोगानं सारखं निघू शकतं.

अक्कलकोट_नाका
एक कळलं नाही. मूळ क्रमानं हे चार ओळींत सुटतं, तुकडेही पडत नाहीत. मग उलटं कशाला करायचं?

नवी_पेठकर
या गणितात फायदा नाही, फक्त सराव. पण e^(y²) घे, y ची x ते 1, x ची 0 ते 1. आत dy असेल तर पहिल्याच पायरीला अडशील, त्याचं साधं इंटिग्रेशनच नाही. ऑर्डर बदलली की x ची 0 ते y होते, आतून y बाहेर येतो, y·e^(y²) चटकन सुटतं. उत्तर (e−1)/2.

सात_रस्ता_स्टडी
पेपरात वजाबाकीनं केलं तर पूर्ण मार्क देतात का?

नवी_पेठकर
माझ्या मित्राला दिले होते.

अक्कलकोट_नाका
आमच्या वर्गातल्या एकीचे दोन कापले. "दोन भाग करा" असं प्रश्नात नव्हतं तरी.

जुना_गणित_शिक्षक
तपासणाऱ्यावर आहे. मी तपासायचो तेव्हा आकृती नसली तर कापायचो, पद्धतीवरून कधी नाही.

विजापूर_रोड_०७ (रात्री 11:25)
आकृती काढूनच करतो. पुढचं गणित y² = 4x आणि x² = 4y च्या मधलं आहे. फूटपट्टी फिरवली, दोन्ही बाजूंनी कड बदलत नाहीये, म्हणजे याला तुकडे नाहीत ना?

जुना_गणित_शिक्षक
नाहीत. x 0 ते 4, y 0 ते 4. आतल्या लिमिट तू लिही, मी बघतो.