मदत हवी आहे: सॅटिनच्या ड्रेसची शिवण फाकतेय, टीप मात्र शाबूत

निळी_रेघ
सॅटिनचा ड्रेस शिवलाय. मागची मधली शिवण नितंबाजवळ फाकायला लागलीये. दोनदा उसवून पुन्हा शिवली, तेच. शनिवारी घालायचाय. काय करू? जरा लवकर सांगा.

गुंडीकाज
दोरा बदला. साधा सुती दोरा असेल तर तुटणारच. पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्या, सुईही 16 नंबरची लावा.

निळी_रेघ
दोरा तुटलेलाच नाही हो. म्हणून तर विचारतेय.

फिरकी
मला वाटतं मशीनचं टेन्शन सैल असेल. माझ्या मशीनवर सॅटिन शिवताना शिवण आकसायची, चुण्या पडायच्या. तेव्हा खालच्या बॉबिनचा स्क्रू पाव फेरा...

कापडचोपड
फिरकी, तो चुण्यांचा प्रश्न, हा वेगळा आहे. निळी_रेघ, सॅटिन कशाचं आहे? माया किती सोडली? अस्तर आहे का? ड्रेस अंगाला किती घट्ट आहे? आणि शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणून उजेडात धरा. फटीत काय दिसतंय ते सांगा.

निळी_रेघ
पॉलिएस्टर. माया सगळीकडे असते तेवढीच, 1 सेंमी. अस्तर नाही. फिटिंगचा आहे, बसलं की ताणतो. फटीत नुसते आडवे धागे दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. उभे धागे सगळे टिपेला चिकटून गोळा झालेत.

कापडचोपड
मग शिवण उसवत नाहीये, कापडातले धागे सरकतायत. टीप उभ्या धाग्यांना समांतर आहे. बसताना कापड आडवं ओढलं जातं. टिपेने धरून ठेवलेले उभे धागे जागेवर राहतात आणि आडवे धागे त्यांच्यामधून निसटून बाहेर येतात. दोरा कितीही मजबूत घ्या, तो तुटतच नाहीये तर फरक काय पडणार?
एक करा. उरलेल्या कापडावर एक इंच मोजून उभे आणि आडवे धागे सुईने मोजा. मग पुढे बोलू.

टाके_मोजणारी
टाका लहान करा. टाके जास्त म्हणजे पकड जास्त. मी सॅटिनला नेहमी 1.5 मिमी ठेवते आणि वर ओव्हरलॉक मारते. आजवर तक्रार नाही.

कापडचोपड
टाका लहान केला तर थोडा फायदा होतो हे खरं, पण फार लहान केला की सुई प्रत्येक भोकात बारीक धागे छेदत जाते आणि कापड तिथेच कमजोर होतं. 2 मिमीच्या आसपास थांबा, सुई बारीक घ्या, 9 किंवा 11 नंबरची. ओव्हरलॉकने कड उसवायची थांबते. शिवणीच्या अंगाकडच्या बाजूला सरकणाऱ्या धाग्यांना ते कसं धरणार?

टाके_मोजणारी
माझे ड्रेस फाकत नाहीत, एवढंच सांगितलं.

कापडचोपड
कदाचित तुमचं कापड दाट असेल, किंवा ड्रेस सैल असतील.

निळी_रेघ
मोजले. डोळे गेले. उभे 150, आडवे 60. याने काय कळतं?

कापडचोपड
बरंच काही. आडवे 60 म्हणजे दोन धाग्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 0.42 मिमी. असल्या सॅटिनचा धागा 75 डेनियरचा धरला तर जाडी जेमतेम 0.1 मिमी भरते. म्हणजे आडव्या धाग्यांनी जागेचा चौथा हिस्साच व्यापलाय, बाकी मोकळी. कापड दाट वाटतं ते उभ्या धाग्यांमुळे.
आता वीण. तुमचं सॅटिन पाच धाग्यांच्या विणीचं असेल तर प्रत्येक आडवा धागा पाच उभ्या धाग्यांमागे एकदाच वर-खाली वळतो. तुमच्या 1 सेंमी मायेत सुमारे 59 उभे धागे बसतात, म्हणजे एका आडव्या धाग्याला अडकायला जेमतेम 12 जागा. साध्या विणीत त्याच मापाला सुमारे 30 जागा मिळाल्या असत्या. आणि फिलामेंट धागा गुळगुळीत, तंतूंचे केस नाहीत, त्यामुळे त्या 12 जागांची पकडही ढिलीच. माया 1.5 सेंमी असती तर 17-18 जागा झाल्या असत्या. माया वाढवली की फाकणं कमी होतं ते यामुळे.

गुंडीकाज
म्हणजे जाड धागा असता तर बरं झालं असतं?

कापडचोपड
एका इंचातले धागे तितकेच ठेवून जाड केले असते तर हो. जागा भरते आणि धाग्याला एकमेकांभोवती जास्त वळावं लागतं, तिथे घट्ट बसतो. पण बहुतेकदा धागा जाड केला की इंचातली संख्या कमी करतात, मग फायदा जातो. नुसत्या जाडीवर किंवा नुसत्या संख्येवर जाऊ नका, दोन्ही एकत्र बघा.

रेशमीगाठ
म्हणूनच मी खरं रेशीमच वापरते. हे सगळे पॉलिएस्टरचे चोचले.

कापडचोपड
रेशमी सॅटिन तर यात पुढेच असतं. कच्च्या रेशमावर सेरिसिनचा चिकट थर असतो, तो पकड देतो. विणल्यावर कापड उकळून तो काढला की वजनाचा साधारण पाव हिस्सा जातो. धागे आहेत तिथेच बारीक होतात आणि वीण सैल पडते. मऊपणा तिथूनच येतो आणि सरकणंही.

रेशमीगाठ
माझ्या रेशमी उशीच्या खोळी पण कोपऱ्यातून अशाच फाकल्यात. त्यांना काय करू? चेन लावलेली आहे.

निळी_रेघ
उशा नंतर. माझ्या शनिवारचं सांगा.

कापडचोपड
शिवण उसवा. फटीतले धागे नखाने हळूहळू जागेवर सरकवा, वर कापड ठेवून वाफेची इस्त्री फिरवा. मग हलक्या फ्यूजिंगची 2.5 सेंमी पट्टी दोन्ही तुकड्यांवर मागून चिकटवा, अशी की टीप पट्टीवर येईल आणि पट्टी अंगाच्या बाजूला 1.5 सेंमी पुढे जाईल. आधी तुकड्यावर करून बघा, सॅटिनवर डिंक उमटतो आणि पट्टीची कडही दिसू शकते. उमटली तर ऑरगंझाची उभ्या धाग्याची पट्टी टिपेत धरून शिवा, मात्र ती फ्यूजिंगइतकी पकडणार नाही.
आणि ड्रेस घट्टच राहिला तर फाट पट्टीच्या कडेला जाईल. आतून अस्तर लावा, ड्रेसपेक्षा किंचित आवळ, म्हणजे ताण अस्तरावर बसेल.

फिरकी
फ्रेंच शिलाई का नाही सांगितली? ती दुहेरी असते.

कापडचोपड
कड आत जाते, छान दिसते. सुळसुळीत सॅटिनवर ताणाच्या जागी मला तिचा भरवसा नाही, आत उरणारी माया बारीक असते.

पाणकळा
ड्रेस आडवा कापला असता तर? ताण दाट धाग्यांवर आला असता ना. मी तसंच करते.

कापडचोपड
ते इतकं सरळ नाही. त्या बाजूला धागे जास्त, पण 1 सेंमी मायेत आडवे धागे 24च बसतात, म्हणजे एकेका उभ्या धाग्याला अडकायच्या जागा कमी. एकूण हिशेब जवळपास तोच येतो. उरेब कापला तर फाकणं खरंच कमी होतं, पण ड्रेस लोंबतो आणि कापड जास्त लागतं.

पाणकळा
मला आडवं कापून फरक पडलाय. तुमचा हिशेब काही म्हणो.

कापडचोपड
पडला असेल. विणताना कुठला धागा किती ताणला होता, कापडावर कसलं फिनिश आहे, यानेही बदलतं. पुढच्या वेळी कापायच्या आधी दोन दिशांना दोन तुकडे शिवून ताणून बघा, सोडल्यावर फट मिटते का ते पाहा. हिशेबापेक्षा ते खरं.

निळी_रेघ
फ्यूजिंग आहे घरी, पण जाड आहे, कॉलरचं. चालेल?

गुंडीकाज
चालेल.

कापडचोपड
नको. पुठ्ठ्यासारखं उभं राहील आणि पट्टीच्या कडेला ड्रेस दुमडेल. मऊ विणकामाचं हलकं मिळालं तर ते घ्या, नाहीतर ऑरगंझा.